दोन इंची पाइप कुठेच दोन इंच का भरत नाही

आयटीआय झाल्यावर पलूसकडच्या एका शेतकऱ्याच्या नदीवरच्या मोटारीचं काम मी पहिल्यांदा एकट्याने घेतलं. मोटारीकडचा पाइप जीआय, पुढची लाइन पीव्हीसी. जीआयवर व्हर्नियर लावला तर बाहेरून ६० मिमी. सांगलीच्या दुकानात ‘६० मिमीचा पीव्हीसी कपलर’ मागितला. तसं माप नव्हतंच, म्हणून त्यांनी ६३चा दिला. जीआयवर बसवला तर डगडगायला लागला.

दोष माझ्या मागण्यात होता. जीआयचा ‘दोन इंच’, म्हणजे ५० एनबी, हे नाव आहे, माप नाही. त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिमी ठरलेला असतो, कारण आटे बाहेरून पाडतात आणि फिटिंग त्यावरच बसतं. पाइप जाड घेतला तरी बाहेरचा व्यास तोच, फक्त आतला कमी होतो. मीडियम क्लासची भिंत ३.६ मिमी, म्हणजे आत साधारण ५३ मिमी. पन्नास कुठेच सापडत नाही. शेतीच्या पीव्हीसीचं नाव मात्र थेट बाहेरच्या व्यासावरून, म्हणून ६३ म्हणजे बाहेरून ६३च. दुकानात त्यालाही ‘दोन इंची’ म्हणतात, तिथेच घोळ होतो. दोघांना जोडायला हवा होता एफटीए: एका बाजूला ६३ची सोल्युशन लावायची सॉकेट, दुसऱ्या बाजूला दोन इंची आतले आटे. तेव्हापासून मी चिठ्ठीवर ‘जीआय ५० एनबी, पीव्हीसी ६३ ओडी’ असं पूर्ण लिहितो.

मग दाबाचा प्रश्न आला. पीव्हीसीवर छापलेलं ४ किलो, ६ किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढा दाब कायम सोसण्याची हमी, तीही २७ अंश तापमानाला. उन्हात तापलेला पाइप त्याहून कमी सोसतो, म्हणून तो गाडलेलाच बरा. हिशेब सोपा आहे, दहा मीटर उंचीला एक किलो. नदीपासून शेताच्या टोकापर्यंत चढ ३० मीटर आणि घर्षणाचे अंदाजे ७ मीटर, म्हणजे मोटारीपाशी ३.७ किलो. शेतकरी म्हणाले, “मग चारचा चालतोय की!” कागदावर चालतो. पण वीज गेली की वर चाललेलं पाणी मागे फिरतं, पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एनआरव्ही, धाडकन बंद होतो आणि त्या क्षणी दाब ३.७च्या कितीतरी वर उसळतो. पाइप फुटतो तो बहुतेक तिथेच, एनआरव्हीच्या पुढच्या पहिल्या काही नळांत.

म्हणून चढ एकसारखा असल्याने खालची अर्धी लाइन ६ किलोची घेतली. अर्ध्यावर दाब दोन किलोच्या आत येतो, तिथून वर ४ किलोची. खालच्या भागातले बेंड आणि एफटीएही ६ किलोचेच घ्यायला लावले, कारण एक हलका बेंड राहिला तर सगळी लाइन त्याच्याच ताकदीची. विकत घेताना प्रत्येक नळावरचा आणि फिटिंगवरचा छाप मी स्वतः वाचला. दुकानदाराने गठ्ठ्यात ४ किलोचे दोन बेंड घातले होते, ते तिथेच बदलून घेतले.