ब्रँडचे नाव ठरवताना: अर्थ, उच्चार आणि नोंदणी कशी तपासावी

सिंधुदुर्गात कोकम आगळ, सरबत, आमसुले आणि मसाले बनवणारा एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. माल सध्या कुडाळ-सावंतवाडीच्या दुकानांत जातो. पुढे तो पुण्या-मुंबईत आणि जमल्यास लंडनमधल्या मराठी घरांत जावा, अशी मालकांची इच्छा आहे. अशा मालासाठी घरच्यांनी नावे सुचवायला घेतली की पहिल्या दहा मिनिटांत ‘कोकणरस’, ‘अमृतकोकम’ आणि ‘चव’ येतातच. ही तिन्ही का गळतात ते पाहिले, की तपासणी कशी करायची ते बरेचसे उलगडते.

1. नावे सुचवण्याआधी निकष लिहून काढा

अर्धे पान पुरते. आज काय विकतो, पाच वर्षांत आणखी काय विकू शकतो, कुठे विकणार, लेबलवर कोणत्या लिप्या असणार आणि नाव कुठे कुठे बोलले जाणार, एवढेच लिहायचे. आमच्या उदाहरणात मसाले आहेतच, उद्या फणसाचे चिप्सही येऊ शकतात. म्हणजे नावात ‘कोकम’ नको, हे नावे सुचवण्याआधीच ठरते. असे निकष आधी लिहिले नाहीत, तर चर्चा ‘मला आवडले’ आणि ‘मला नाही आवडले’ यावर अडकते, आणि बहुधा घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाच्या पसंतीवर संपते.

2. माल सांगणारे नाव टाळा

सर्वाधिक नावे इथेच पडतात, म्हणून इथे थोडे थांबू. ग्राहकाला नावातूनच सगळे कळावे, असे उद्योजकाला वाटते. कायद्याचे म्हणणे नेमके उलट आहे. व्यापार चिन्ह कायदा, 1999 मधील कलम 9 प्रमाणे मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा मूळ ठिकाण सांगणारा शब्द एकट्यादुकट्याला आपला म्हणून सहसा नोंदवता येत नाही, कारण तो शब्द वापरण्याची गरज त्या धंद्यातल्या सगळ्यांनाच असते. दीर्घ वापराने असा शब्द लोकांच्या मनात एकाच उत्पादकाशी जोडला गेला असेल, तर सूट मिळू शकते. पण ते सिद्ध करायला वर्षानुवर्षांची विक्री आणि जाहिरातखर्चाचे पुरावे लागतात. नव्या उद्योगाकडे ते कुठून असणार?

‘सिमला’ हे नाव सिगारेटसाठी मागितले गेले, तेव्हा ते ठिकाणाचे नाव म्हणून कलकत्ता उच्च न्यायालयाने 1977 मध्ये नाकारले. खाद्यतेलावरच्या ‘लो-सॉर्ब’ या नोंदलेल्या चिन्हाच्या मालकांनी ‘लो अ‍ॅब्सॉर्ब’ लिहिणाऱ्या स्पर्धकाला अडवायचा प्रयत्न केला. कमी तेल शोषले जाते, एवढाच त्याचा अर्थ असल्याने 2010 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई दिली नाही. ‘रामायण’ हे अगरबत्तीचे नाव तर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि धर्मग्रंथाच्या नुसत्या नावावर कोणा एकाला हक्क सांगता येणार नाही, असे ठरले.

‘कोकणरस’मध्ये ठिकाणही आहे आणि मालही. शब्द मराठी असल्याने तपासणाऱ्या अधिकाऱ्याला अर्थ कळणार नाही, असा कोणी कयास बांधत असेल तर तो चुकीचा आहे. चिन्हातला शब्द हिंदी किंवा इंग्रजी नसेल, तर अर्जातच त्याचे लिप्यंतर आणि भाषांतर द्यावे लागते. मग ‘रातांबा’ लिहा नाहीतर ‘बिरंड’, भाषांतराच्या रकान्यात कोकमाचे फळच उमटणार.

चांगली जागा मिळते ती मालाशी थेट संबंध नसलेल्या खऱ्या शब्दांत, नाहीतर घडवलेल्या शब्दांत. आपल्या यादीत आता ‘पाणंद’, ‘खळं’ आणि ‘सोलवा’ ठेवू. पहिले दोन कोकणातले शब्द, तिसरा घडवलेला. पाणंद म्हणजे कुंपणांमधून जाणारी वाट आणि खळं म्हणजे घरापुढचे अंगण, त्यामुळे सरबताचे वर्णन दोन्हींत नाही. ‘सोलवा’ मात्र कोकमाच्या सोलांकडे बोट दाखवतो, तेव्हा त्याची बाजू थोडी कच्ची. सुरुवातीला तीसेक नावे जमवा. या पायरीनंतर सात-आठ उरली तरी खूप झाले.

3. अर्थ: शेजारच्या भाषांत विचारा

उरलेले प्रत्येक नाव हिंदी, गुजराती, कन्नड, कोंकणी आणि माल जिथे जाणार तिथली भाषा बोलणाऱ्या निदान दोघा-दोघांना दाखवा. ‘नाव कसे वाटते?’ असे विचारू नका. लोक भिडेखातर ‘छान’ म्हणतात. ‘हे वाचून काय आठवते? कसले दुकान वाटते? या शब्दाला तुमच्याकडे काही वावगा अर्थ आहे का?’ असे तीन प्रश्न पुरतात. तिसरा प्रश्न तरुणांना जरूर विचारा, कारण टवाळीचे अर्थ शब्दकोशात उशिरा पोचतात.

‘चव’ मसाल्याचे वर्णन करतो म्हणून आधीच लंगडा होता. इथे तो पूर्णच बाद होतो. रोमन लिपीत Chav लिहिले की ब्रिटनमध्ये तो एका विशिष्ट वर्गाला हिणवणारा शब्द आहे. लंडनच्या दुकानात ती बाटली मराठी माणूस कौतुकाने उचलेल, त्याचा शेजारी मात्र हसेल. ‘खळं’चा त्रास घराजवळचा आहे. रोमनमध्ये ‘ळ’ उरत नाही आणि Khala पाहून हिंदी वाचक ‘खाला’ म्हणजे मावशी वाचतो. ‘खळ’ म्हणजे कागद चिकटवायची पेस्ट, हेही मराठी ग्राहकाच्या मनात येऊन जाते.

या विषयावर बोलताना शेव्हरले नोव्हाची गोष्ट हमखास सांगितली जाते: स्पॅनिशमध्ये ‘नो व्हा’ म्हणजे ‘चालत नाही’, म्हणून गाडी खपली नाही. ती दंतकथा आहे. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी व्यवस्थित विकली गेली. खरे उदाहरण हवे असेल तर टाटा मोटर्सची ‘झिका’ घ्या. ‘झिप्पी कार’वरून केलेले हे नाव जाहीर झाले आणि त्याच सुमारास झिका विषाणूची साथ पसरली. 2016 मध्ये कंपनीने ते बदलून ‘टियागो’ केले. अशी साथ आधी ओळखता येत नाही हे खरे, पण छपाईला देण्याआधी त्याच आठवड्यातल्या बातम्यांत तो शब्द एकदा शोधून पाहायला दोन मिनिटे लागतात.

4. उच्चार: दोन्ही बाजूंनी चाचणी

पहिली चाचणी फोनवर करा. ज्यांनी नाव कधी पाहिलेले नाही अशा दहा जणांना ते एकदाच सांगा आणि रोमन व देवनागरी दोन्हींत लिहून पाठवायला सांगा. दुसरी चाचणी उलट: दुसऱ्या दहा जणांना फक्त रोमन शब्द दाखवून मोठ्याने वाचायला लावा. दहांतल्या तिघांहून अधिक जणांनी वेगळे लिहिले किंवा वाचले, तर शुद्धलेखन बदला किंवा नाव सोडा. दुसऱ्या दिवशी त्याच लोकांना ‘काल कोणते नाव सांगितले होते?’ असे विचारले, की लक्षात राहण्याचीही परीक्षा होते.

मराठी नावे अडखळतात ती ठरावीक जागी. ‘ळ’ आणि ‘ण’ रोमनमध्ये हरवतात. ‘च’ आणि ‘ज’चे आपले दोन उच्चार परक्याला दिसत नाहीत. ‘ज्ञ’ आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीत ‘ग्य’. ‘ऋ’ आपल्याकडे ‘रु’, हिंदीत ‘रि’. म्हणून ‘अमृत’ कुठे Amrut होतो, कुठे Amrit. अशा नावाला एकाऐवजी दोन वेब पत्ते घ्यावे लागतात आणि शोधही दोनदा करावा लागतो.

‘पाणंद’ला ‘ण’ आहे, पण Panand वाचणारा ‘पानंद’ म्हणाला तरी दुकानदार योग्य बाटली काढून देतो. हा दोष चालण्यासारखा आहे. फक्त त्यात ‘आनंद’ ऐकू येतो, हे टिपून ठेवा. पुढच्या पायरीत ते उपयोगी पडेल.

5. कायदेशीर उपलब्धता: कुठे आणि कसे शोधावे

आधी वर्ग ठरवा. माल आणि सेवा मिळून एकूण 45 वर्ग आहेत. सरबत 32 मध्ये येते, मसाले 30 मध्ये, सुकवलेली आमसुले बहुधा 29 मध्ये. स्वतःचे दुकान काढणार असाल तर 35 आणि खाणावळ काढणार असाल तर 43 हेही पाहा.

मग `tmrsearch.ipindia.gov.in` वरच्या सार्वजनिक शोधात प्रत्येक वर्ग वेगवेगळा तपासा. नुसते पूर्ण नाव टाकून ‘काही सापडले नाही’ म्हणत उठणे, ही सर्रास होणारी चूक. Wordmark शोधात `Contains` निवडून नावाचे तुकडे टाका:

```
panand
paanand
panan
anand
```

त्यानंतर Phonetic शोध करा. कारण तुलना अक्षरांची नसते, कानाची आणि अर्धवट आठवणीची असते. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांत फरक स्पष्ट आहे असे कोणालाही वाटेल. पण सामान्य ग्राहकाच्या अपुऱ्या आठवणीला ती सारखी वाटू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये म्हटले. ‘अमृतकोकम’ तिथेच सोडून द्यावे: ‘अमृत’ची गर्दी मोठी आणि ‘कोकम’ सगळ्यांचे.

निकालातली स्थिती नीट वाचा. Registered म्हणजे नोंद झालेली. Objected दिसले की लोक खूश होतात, पण तो अर्ज अजून जिवंत असतो आणि मंजूर झाला तर अर्जाच्या तारखेपासून लागू होतो. Removed म्हणजे नूतनीकरण झालेले नाही. मुदत संपल्यापासून वर्षभरात मालक ती नोंद पुन्हा जिवंत करू शकतो, म्हणून मुदतीची तारीख पाहा. Abandoned म्हणजे अर्ज सोडून दिलेला. तरीही तो माणूस बाजारात माल विकत असू शकतो.

म्हणून नोंदवहीवर थांबता येत नाही. आपल्याकडे नोंदणी नसतानाही आधीपासून वापर करणाऱ्याचा हक्क वरचढ ठरू शकतो. तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ प्रकरणात, दोन्ही बाजूंकडे नोंदणी असताना सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये आधी वापरणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा गूगल, ऑनलाइन किराणा, इन्स्टाग्राम आणि कंपनी मंत्रालयाचा नावशोध पाहा. शिवाय कोकणातल्या दोन-चार घाऊक व्यापाऱ्यांना सरळ विचारा. जत्रेत आणि एसटी स्टँडवर विकला जाणारा माल इंटरनेटवर सापडत नाही.

गुमास्ता परवाना, जीएसटी, अन्न परवाना किंवा कंपनीचे मंजूर झालेले नाव यांपैकी कशानेही ब्रँडवर हक्क मिळत नाही. भारतातली नोंदणी ब्रिटनमध्ये चालत नाही. तिथे विकायचे असेल तर ब्रिटनची नोंदवही आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा मोफत शोध आत्ताच चाळून घ्या.

6. अर्ज

शेवटी दोन-तीन नावे उरली पाहिजेत, एकच नव्हे. त्यांचा सविस्तर शोध व्यापार चिन्हांच्या वकिलाकडून करून घ्या. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे सरकारी शुल्क प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. आपल्या तीन वर्गांचे 13,500 होतात. वेब पत्ता अर्जाच्या दिवशीच घ्या, आणि शक्य तर `.in` व `.com` दोन्ही. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात. अर्ज केल्यावर ™ लावता येते, ® मात्र नोंदणी झाल्यावरच.

तपासणी अहवालात हरकत आली तर उत्तराला 30 दिवस मिळतात. मंजुरीनंतर चिन्ह जर्नलमध्ये प्रसिद्ध होते आणि त्यानंतर 4 महिने कोणीही विरोध नोंदवू शकतो. लेबलांची मोठी छपाई तोवर थांबवता आली तर उत्तम, नाहीतर पहिली खेप लहान काढा. त्या खेपेचे पहिले बिल, नावासकट, जपून ठेवा: पुढे वापराची तारीख दाखवायची वेळ आली की प्रतिज्ञापत्रासोबत तेच जोडावे लागते.