प्रश्न ऐकू येत नाही, उत्तर येतं: मुलाखत उतरवताना या चुका टाळा

संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतीत रेकॉर्डर बोलणाऱ्या माणसाजवळ असतो आणि विचारणारा जरा लांब. त्यामुळे गाडी गेली, मिक्सर लागला की आधी प्रश्न बुडतो आणि उत्तर मात्र स्वच्छ उरतं. मग उतरवणारा उत्तर वाचतो, त्याला शोभेल असा प्रश्न तयार करतो आणि तो ऐकल्यासारखा लिहून टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मुलाखतींमध्ये मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि सगळ्यात जास्त नुकसानही तीच करते.

निपाणीच्या एका विडी कामगार बाईंची मुलाखत माझ्याकडे तपासायला आली होती. रेकॉर्डर त्यांच्या सुपाशेजारी ठेवलेला, पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाजसुद्धा टिपलेला. रस्त्यावरून एसटी गेली आणि एक प्रश्न पूर्ण गेला. उत्तर असं होतं: "व्हय, गेल्तो की आम्ही. पर पोरं ल्हान हुती, दोन दिसात माघारी आलो." उतरवणाऱ्या मुलाने वर प्रश्न लिहिला: "1981च्या तंबाखू आंदोलनात तुम्ही होता का?" निपाणी, तंबाखू, महामार्गावरचं ते आंदोलन, सगळं जुळतच होतं. त्या जोरावर बाईंचं नाव आंदोलनात गेलेल्यांच्या यादीत चढलं आणि प्रकरणाचा एक परिच्छेद त्यांच्यावर उभा राहिला.

मला "दोन दिसात माघारी" खटकलं. सोबतच्या मुलीने मोबाईलवरही रेकॉर्डिंग केलं होतं आणि ती विचारणाऱ्याच्या बाजूला बसली होती. त्यात प्रश्न स्पष्ट निघाला: "लग्नानंतर कधी ऊसतोडीला गेलात का?" परिच्छेद काढावा लागला. दुसरं रेकॉर्डिंग नसतं तर ती यादी तशीच छापली गेली असती, कारण कागदावर संशयाला जागाच ठेवलेली नव्हती.

तिथे लिहायला हवं होतं ते एवढंच:

मु: [प्रश्न ऐकू येत नाही, 00:14:32 ते 00:14:37, एसटीचा आवाज]
उ: व्हय, गेल्तो की आम्ही. पर पोरं ल्हान हुती, दोन दिसात माघारी आलो.

कोण बोलत होतं, किती वेळ, कशामुळे गेलं, हे तिन्ही हवं. वेळ असली की दुसरा माणूस थेट त्या जागी जाऊन ऐकू शकतो. पाच सेकंदांत एक साधा प्रश्न मावतो. चाळीस सेकंद गेले असतील तर मधे गप्पा झालेल्या असू शकतात आणि उत्तर नेमकं कशाला दिलंय तेही सांगता येत नाही. एखादा शब्द लागला तर तेवढाच लिहा: "[अस्पष्ट] कधी [अस्पष्ट] का?" खात्री नसेल तर "[ऊसतोडीला?]" असं प्रश्नचिन्हासकट. आराखड्यात त्या जागी कुठला प्रश्न होता, विचारणाऱ्याला काय आठवतं, हे उपयोगी आहे, पण त्याची जागा खालच्या टिपेत. "मुलाखतकाराच्या आठवणीवरून" असं लिहा आणि कधी विचारलं ती तारीख घाला.

हार मानण्याआधी नीट ऐका. हेडफोन लावा, पाच सेकंदांचा तुकडा फिरवत ठेवा, वेग थोडा कमी करा, रेकॉर्डिंग स्टिरिओ असेल तर डावी-उजवी बाजू वेगवेगळी ऐका. गोंगाट काढणारं फिल्टर जपून वापरा. जास्त ओढलं की त्यासोबत व्यंजनंही जातात. मूळ फाईलला तर हात लावूच नका. नंतर दुसऱ्या कुणाला ऐकवा, पण तुमचा अंदाज आधी सांगू नका. एकदा "आंदोलन" असं वाचलं की कानाला एसटीच्या घरघरीतही आंदोलनच ऐकू येतं. घाईतली मुलं नेमकं हेच करतात, "हे बघा, असंच म्हणतोय ना?" असं विचारतात आणि समोरचा मान डोलावतो.

आपल्या सीमाभागातली आणखी एक खोड. प्रश्न मराठीत सुरू होतो, शेजारचं कुणी तो कन्नडमध्ये समजावून सांगतं, आणि कन्नड न येणारा उतरवणारा तिथे "ऐकू येत नाही" लिहून मोकळा होतो. ते ऐकू येतंय, तुम्हाला कळत नाहीये. "[कन्नड, 00:21:05 ते 00:21:12, उतरवणं बाकी]" लिहा, म्हणजे कन्नड येणारा माणूस ते भरून काढेल. "ऐकू येत नाही" लिहिलेल्या जागेकडे पुन्हा कुणी वळत नाही.

नुसती तीन टिंबं कधीच देऊ नका. बाई थांबल्या, तुम्ही गाळलं की आवाज गेला, काहीच कळत नाही.

उत्तरालाही हात लावायचा नाही. "गेल्तो की" चं "आम्ही आंदोलनाला गेलो होतो" करू नका. प्रश्न हरवलेल्या नुसत्या "व्हय"ची कुठल्याही मुद्द्याला होकार म्हणून नोंद करू नका. बाईंनी ते आपणहून सांगितलं की विचारल्यावर, हेही आता ठरवता येत नाही, म्हणून विश्लेषणाच्या तक्त्यात मी अशा उत्तरांसाठी वेगळा रकाना ठेवते. अहवालात ते वाक्य घेतलंत तर प्रश्नाच्या जागेचा कंसही त्याच्यासोबत घ्या.