‘मेड मी टू वेट’: या चुका टाळा

इंग्रजीच्या वह्या तपासताना ‘ही मेड मी टू वेट’ दिसलं की माझं लाल पेन आपोआप ‘टू’वर जातं. चूक कुठून येते तेही आता पाठ झालंय. मनात आधी ‘मला थांबायला लावलं’ येतं, आणि ‘-ायला’ आलं की ‘टू’ लिहायचं हे हाताला शाळेपासून पडलेलं वळण. ‘मला जाऊ दिलं’ यात ‘-ायला’ नाही, म्हणून ‘लेट’ला हीच मुलं कमी चुकतात. बरोबर वाक्य ‘ही मेड मी वेट’. मेक, लेट, सी, हिअर यांच्यानंतर आधी माणूस येतो, मग दुसरं क्रियापद मूळ रूपात, ‘टू’शिवाय.

इथवर सगळे येतात. पुढे शॉर्टकटवाले घात करतात. ‘मेकनंतर टू नाही’ हे तीन शब्दांचं सूत्र क्लासच्या नोट्समध्ये चौकटीत छापलेलं असतं. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक हुशार मुलगा हे सूत्र घोकून आला होता. सराव परीक्षेत वाक्य होतं, ‘द कँडिडेट्स वेअर मेड टू वेट आउटसाइड’, आणि चूक शोधायची होती. पठ्ठ्याने दोन सेकंदांत ‘टू’वर खूण केली. त्या वाक्यात चूकच नव्हती, ‘नो एरर’ हा पर्याय बरोबर होता. मार्क गेले ते गेलेच, वर माझ्याशी वाद. ‘सर, मेकनंतर टू येत नाही, नोट्समध्ये आहे.’

नोट्समध्ये अर्धंच होतं. ‘दे मेड द कँडिडेट्स वेट’ यात ‘मेड’ आणि ‘वेट’च्या मध्ये उमेदवार बसलेत. वाक्य पॅसिव्ह केलं की ते उठून पुढे जातात, दोन क्रियापदं एकमेकांना भिडतात, आणि तिथे ‘टू’ परत येतो. ‘सी’ आणि ‘हिअर’चंही तसंच: ‘आय सॉ हिम एंटर’, पण ‘ही वॉज सीन टू एंटर’. ‘लेट’ला मात्र असं पॅसिव्ह सहसा करत नाहीत, तिथे सरळ ‘वॉज अलाउड टू गो’ लिहा.

त्या मुलाला मी माझी सवय दिली. ‘मेड’, ‘सीन’ किंवा ‘हर्ड’ दिसलं की आधी मागे बघायचं. ‘वॉज’, ‘वेअर’, ‘बीन’ असलं काही लागून आलं असेल तर ‘टू’ ठेवायचा. नुसतं ‘वॉज’ बघून धावायचं मात्र नाही, कारण ‘शी वॉज मेकिंग हिम वेट’ हे पॅसिव्ह नाही आणि तिथे ‘टू’ चालणार नाही. घाईवाले नेमके इथे पडतात. एकदा एका विद्यार्थिनीने बायबलच्या 1611 च्या इंग्रजी अनुवादातलं ‘मेकेथ मी टू लाय डाउन’ पुढे केलं. हरकत बिनतोड होती, पण ते जुनं इंग्रजी. आजच्या पेपरात तसं लिहिलं तर चूकच धरतील.

दुसरी माझी लाडकी चूक ‘सी’ची. प्रसंगलेखनात एकाने लिहिलं, ‘आय सॉ अॅन ओल्ड मॅन क्रॉस द रोड अँड अ बस हिट हिम इन द मिडल’. व्याकरणात खोट काढता येत नाही, पण ‘सॉ हिम क्रॉस’ म्हणजे म्हातारबाबा या फुटपाथवरून त्या फुटपाथवर पोहोचेपर्यंत तुम्ही पाहिलंत. मग बसने मध्येच उडवलं ते कोणाला? ओलांडताना पाहिलं असेल तर ‘सॉ हिम क्रॉसिंग’. मी विचारतो, क्रिया पूर्ण झालेली दिसली की मधला तुकडा? पूर्ण असेल तर मूळ रूप, तुकडा असेल तर ‘-इंग’. एकदाच दार आपटलं तर ‘हर्ड द डोअर स्लॅम’. ‘हर्ड द डोअर स्लॅमिंग’ म्हटलं तर दार वाऱ्याने आपटतच होतं असं वाटतं.

बाकीच्या चुकांवर फार वेळ घालवत नाही.

‘मेड मी क्राइड’, ‘सॉ हिम रॅन’: काळ पहिल्या क्रियापदाने दाखवून झालाय, दुसऱ्याला पुन्हा भूतकाळात ढकलू नका. ‘लेट्स हर गोज’ हाही त्याच जातीचा प्रकार.

‘हेल्प’ला दोन्ही चालतं, ‘हेल्प्ड मी लिफ्ट’ आणि ‘हेल्प्ड मी टू लिफ्ट’. यावर भांडू नका. फक्त ‘कान्ट हेल्प लाफिंग’ हा वेगळा प्रकार आहे, तिथे ‘-इंग’च.

‘गेट’ला ‘मेक’चा भाऊ समजून ‘गॉट हिम रिपेअर इट’ लिहितात. ‘गॉट हिम टू रिपेअर इट’ हवं. ‘हॅव’ मात्र ‘मेक’सारखं: ‘हॅड हिम रिपेअर इट’.

आणि ‘लिसन्ड टू हर सिंग’ यातला ‘टू’ कृपा करून खोडू नका, तो ‘लिसन’चा आहे, ‘सिंग’चा नाही.