हिब्रू बायबलमधला प्रश्न कसा ओळखावा

हिब्रू बायबलच्या मूळ पाठात प्रश्नचिन्ह नसतं. भाषांतरात दिसतं ते भाषांतरकाराचं मत, त्यामुळे आधी भाषांतर मिटवून ठेवा.

आधी सोपं काम. वाक्याच्या सुरुवातीला प्रश्न दाखवणारा ‘ह’ जोडलेला आहे का, ते बघा. उपपदही ‘ह’च असतं, म्हणून दोन्ही वेगळे ओळखा. ‘तो, ती, ते’ दाखवणाऱ्या उपपदाच्या ‘ह’नंतर पुढचं अक्षर सहसा दुहेरी होतं, प्रश्नाच्या ‘ह’खाली बहुधा अगदी आखूड स्वर असतो. कंठ्य अक्षरांपुढे ही खूण डळमळते. तिथे व्याकरण विचारा: उत्पत्ती 27:21 मध्ये ‘हअत्ता’ आहे. ‘अत्ता’ म्हणजे ‘तू’, आणि ‘तू’ला ते उपपद लागत नाही. म्हणजे आंधळा बाप इसहाक विचारतोय, ‘तूच माझा मुलगा एसाव का?’

‘ह नाही, म्हणजे प्रश्न नाही’ असं शिकवणाऱ्यांचं मात्र मुळीच ऐकू नका. तीनच ओळींनंतर, 24व्या वचनात, तोच इसहाक तेच विचारतो आणि ‘ह’ गायब! प्रश्न कळतो तो उत्तरावरून: एसावचं सोंग घेतलेला धाकटा भाऊ याकोब म्हणतो, ‘अनी’, म्हणजे ‘मीच’. हिब्रूत होकार देताना प्रश्नातला मुद्दाच असा उचलून परत देतात. म्हणून शंका आली की आधी पुढचं वाक्य वाचा.

2 शमुवेल 18 वर हात बसवा. निरोप्या अहीमास लढाईवरून धावत येऊन 28व्या वचनात ‘शालोम’ म्हणतो. हे सांगणं आहे, सगळं ठीक आहे. लगेच 29व्यात राजा दावीद म्हणतो, ‘शालोम लन्नअर लअवशालोम’. शब्दशः ‘पोरगा अबशालोम सुखरूप’. ‘ह’ नाही. पण दावीद लढाईपासून दूर, वेशीत बसलाय. मुलाचं काय झालं हे त्याला ठाऊकच नाही, मग तो सांगेल कुठून? शिवाय अहीमास उत्तर देतो, तेही टाळाटाळीचं: गोंधळ दिसला, काय होतं कळलं नाही. दुसरा निरोप्या, कूशी, येतो तेव्हा 32व्या वचनात राजा तेच शब्द ‘हशालोम’ असे विचारतो. बोलणाऱ्याला माहीत काय आहे आणि समोरचा करतो काय, या दोन गोष्टींनी 29व्याचा निकाल लागतो.

उत्तरच नसेल तर? योनाच्या पुस्तकाच्या शेवटी देव योनाला म्हणतो, ‘वअनी लो आखूस’: ‘आणि मी कीव करणार नाही’. पुढे कुणी बोलतच नाही, पुस्तक संपतं. इथे आदलं वचन धरा, तिथे देव योनाला म्हणतो: तू त्या वेलाची कीव केलीस. त्यापुढे ‘आणि मी’ असं ठासून आलं की ते ‘मग मी करू नये?’ असंच वाचावं लागतं. विधान मानलं, तर देवाने निनवे शहराला आधीच दिलेली माफी उलटी फिरते.

मात्र वचन अवघड वाटलं म्हणून त्याला प्रश्न करून टाकू नका. आधी विधान म्हणून वाचा, आणि ते आजूबाजूच्या मजकुराशी सरळ भांडायला लागलं तरच प्रश्न माना.