साठ मुलांच्या वर्गात काळांचा बिंगो

छापील कार्डांवर एक ओळ भरली की जिंकला, असं खेळवलं की चौथ्या-पाचव्या पुकाऱ्यालाच अर्धा वर्ग ‘बिंगो’ ओरडायचा. तपासणार कोणाकोणाचं?

आता फळ्यावर ‘लिहिणे’ची बाराही रूपं लिहितो: लिहितो, लिहीत आहे, लिहीत असे, लिहिले होते वगैरे. मुलं वहीत तीन बाय तीनचा चौकोन आखून त्यांतली कोणतीही नऊ, हव्या त्या क्रमाने भरतात. मग फळा पुसायचा. मी चिठ्ठी काढून फक्त काळाचं नाव पुकारतो. मुलं त्या रूपावर फुली मारत नाहीत, पुकाऱ्याचा क्रमांक लिहितात. पाचवा पुकारा ‘रीती भूतकाळ’ असेल आणि ५ हा आकडा ‘लिहीत होता’वर पडला असेल, तर चूक तिथेच सापडते (सगळ्यात जास्त गोंधळ याच जोडीत होतो). तो चौकोन बाद, खेळ पुढे.

जिंकायला नऊही घरं भरायला हवीत. बारांतून नऊ निवडायचे २२० प्रकार होतात, त्यामुळे दहाव्या पुकाऱ्याला साधारण दोन-तीन हातच वर येतात. अकराव्यापर्यंत मात्र जाऊ देऊ नका, तेव्हा पाव वर्ग उठतो.