मुलाखतीला निघताना: कॉलर माइकची पिन आणि नख

मोबाइल चार्ज, त्यात जागा रिकामी, एअरप्लेन मोड. हे सांगावं लागू नये.

आता पिन. कॉलर माइकच्या पिनेवर रेघा किती आहेत ते मोजा. तीन असतील तर मोबाइलची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दोन रेघांची पिन मोबाइलमध्ये व्यवस्थित बसते, खट् असा आवाजही येतो, पण मोबाइल तिला नुसता हेडफोन समजतो आणि रेकॉर्डिंग स्वतःच्याच माइकवरून करत राहतो. स्क्रीनवर आवाजाची लाट हलत असते, त्यामुळे शंकासुद्धा येत नाही. घरी आल्यावर कळतं, पाहुणे विहिरीतून बोलतायत आणि टेबलाची खरखर कानाशी आहे. हे नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. दोन रेघांची पिन असेल तर मधला कन्व्हर्टर लागतो. मोबाइलला गोल भोक नसेल तर टाइप-सीचा तुकडा घ्या, पण दुकानातच माइक लावून बघा. काही तुकडे फक्त ऐकवतात, बोललेलं आत नेतच नाहीत.

दुकानात आणि मुलाखतीच्या जागीही एकच चाचणी. रेकॉर्ड दाबा, कॉलर माइकवर नख घासा, मग मोबाइलच्या खालच्या कडेवर घासा. थांबवा, ऐका. कॉलरवरचं नख मोठं आलं तरच पुढे जायचं. लाट बघून समाधान मानू नका, ऐका. तारेवर बटण असेल तर ते 'कॅमेरा'वर नाही ना, तेही बघा. तिकडे असेल तर आतला सेल लागतो आणि तो नेमका उतरलेला असतो.

जागेचं बोलायचं तर चादरीच्या कारखान्यात माग चालू असताना मुलाखत घेऊच नका. कुठलंही नॉइज रिडक्शन त्या खटखटीतून शब्द सोडवून देत नाही. जेवणाच्या सुट्टीची वेळ मागून घ्या आणि घडी केलेल्या चादरींचे ढीग असतील त्या खोलीत बसा. जाड सुतामुळे खोली घुमत नाही. बाहेरचा आवाज मात्र चादरी अडवत नाहीत, तेव्हा दार लावा. कूलर बंद. पंखा बंद करा म्हणून मे महिन्यात सोलापुरात कुणाला सांगणार? पाहुण्यांना झोताबाहेर बसवा आणि माइकवर फोम चढवा. माइक हनुवटीखाली साधारण वीतभर. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो आणि मागची घरघर आहे तेवढीच राहते. उपरणं, साखळी, मंगळसूत्र माइकला लागत नाही ना ते बघा.

सुरुवातीला अर्धा मिनिट सगळे गप्प. ही शांतता नंतर घरघर काढायला नमुना म्हणून लागते. संपल्यावर तिथेच एक मिनिट ऐका, कॉपी घ्या.

मधे चहा झाला, माइक काढून परत लावला? परत नख.