न दुखणारी मानेची गाठ: राउंडवर केस कशी मांडावी

टॉर्च, दोन टंग डिप्रेसर, ग्लोव्ह्ज आणि मोजपट्टी जवळ आहे, पेशंटची परवानगी घेतली आहे, मान कॉलरबोनपर्यंत उघडी आहे, हे धरून चालतो.

समजण्यासाठी एकच केस घेऊ. ५४ वर्षांचे गृहस्थ. मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली दोन महिन्यांपासून गाठ आहे. दुखत नाही, हळूहळू वाढते आहे.

पहिल्या वाक्यात वय, बाजू, जागा, मुदत आणि गाठ वाढते की तशीच आहे, एवढं आलं पाहिजे. "पेशंटला दोन महिन्यांपूर्वी काही त्रास नव्हता" अशी सुरुवात करू नका. ऐकणाऱ्याचं डोकं पहिल्या वाक्यापासून कामाला लागलं पाहिजे आणि "५४ वर्षं, दोन महिने, वाढती, न दुखणारी" एवढ्यावरच ते लागतं. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला आलेली आणि दोन-तीन आठवड्यांत न गेलेली गाठ ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत कॅन्सरची समजायची.

हिस्टरीत गाठीबद्दल विचारून झालं की गाठ सोडा आणि घशाकडे वळा. गिळताना अडकतं का, आवाज बसलाय का, नाकातून रक्त येतं का, एका बाजूने ऐकू कमी येतं का, तोंडात न भरणारी जखम आहे का. कान दुखतो का, हे तर विचारायचंच. पेशंट ते आपणहून सांगत नाही, कारण मानेच्या गाठीशी कानाचा काय संबंध, असं त्याला वाटतं. आपल्या पेशंटचा उजवा कान महिनाभर दुखतोय. टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग यांची संवेदना नेणाऱ्या नर्व्हचीच एक शाखा मधल्या कानात जाते, म्हणून घशातलं दुखणं कानात जाणवतं. मग ताप, रात्रीचा घाम, घटलेलं वजन, टीबीचा संपर्क. व्यसन आकड्यात सांगा. "सिगारेट ओढतात" याला काही अर्थ नाही. "२५ वर्षं, रोज १५, म्हणजे साधारण १९ पॅक-इयर्स" याला आहे.

"अँटिबायोटिकने गाठ थोडी कमी झाली होती" हे वाक्य केसपेपरवर असेल तर तेही सांगा, पण त्यावर काही उभारू नका. आत द्रव असलेल्या किंवा वरून इन्फेक्शन झालेल्या कॅन्सरच्या गाठीही मधूनच लहान वाटतात.

तपासणी पेशंटच्या मागे उभं राहून, त्याची मान किंचित पुढे झुकवून, दोन्ही बाजूंची करा. माप सेंटिमीटरमध्ये द्या, "लिंबाएवढी" म्हणू नका. लिंबं लहान-मोठी असतात. जागा लेव्हलमध्ये सांगा: ही लेव्हल दोन, स्टर्नोमास्टॉइडच्या वरच्या भागापाशी. गाठ स्नायूच्या वर की खाली हे ठरवायला तुमचा हात हनुवटीच्या डाव्या बाजूला ठेवा आणि त्याला दाबून पेशंटला डावीकडे वळायला सांगा. उजवा स्नायू ताठ होतो. गाठ खाली असेल तर ती अस्पष्ट होते आणि कमी हलते. मग ती आडवी आणि उभी, दोन्ही दिशांना हलवून पाहा. फक्त आडवी हलणारी आणि ठोके देणारी गाठ कॅरॉटिड बॉडी ट्यूमरची असू शकते; तिच्यात सुई घालायची घाई नको.

इथे बरेच जण थांबतात. गाठ हा फक्त पत्ता आहे, घर घशात शोधायचं असतं. डिप्रेसरने टॉन्सिल पाहा, मग ग्लोव्ह घालून बोटाने टॉन्सिल आणि जिभेचं मूळ दाबून पाहा. हे सगळ्यात शेवटी करा, कारण त्यानंतर उमासे येतात आणि पेशंट पुढचं काही करू देत नाही. आपल्या पेशंटचा उजवा टॉन्सिल दिसायला जरासा मोठा, पण बोटाला कडक लागतो. नुसतं पाहून हे सुटलं असतं. कानाचा पडदा ठीक आहे, स्कोपवर नाकामागची जागा आणि व्होकल कॉर्ड्सही ठीक आहेत, डोक्याच्या त्वचेवर काही नाही. हे निगेटिव्ह मोठ्याने सांगा.

आता डिफरन्शियल. केस इथेच पडते. विचारल्याबरोबर "सर, कंजेनायटल, इन्फ्लमेटरी, निओप्लास्टिक" अशी पाठ केलेली यादी सुरू झाली की समजावं, पेशंटकडे कुणी पाहिलेलं नाही. ती यादी कुठल्याही गाठीला लागू पडते, म्हणूनच ती या गाठीबद्दल काहीच सांगत नाही. माझं मत पक्कं आहे: तीनच शक्यता सांगा, क्रमाने सांगा, आणि प्रत्येकीच्या बाजूने काय व विरुद्ध काय ते याच पेशंटमधून द्या. असं:

"सर, माझ्या मते ही उजव्या टॉन्सिलच्या कॅन्सरची लेव्हल दोनमधली दुय्यम गाठ आहे. वय, सिगारेट, ३ सेंटिमीटरची टणक वाढती गाठ, त्याच बाजूचा कान दुखणं आणि बोटाला कडक लागणारा टॉन्सिल हे बाजूने. दुसरी शक्यता लिम्फोमा. त्यातही टॉन्सिल मोठा होतो, म्हणून ती सोडत नाही. पण त्या गाठी बहुधा रबरासारख्या लागतात, ही टणक आहे, आणि बाकी कुठे गाठी नाहीत, लिव्हर-स्प्लीन हाताला लागत नाही. तिसरी टीबीची गाठ. तीही दुखत नाही, पण इथे एकच सुटी गाठ आहे, ताप नाही, आणि टीबी धरला तर टॉन्सिल आणि कान यांचा मेळ बसत नाही."

शेवटचा मुद्दा पकडा. सगळ्या खुणा एकत्र समजावून देणारं निदान वर, एखादीच समजावणारं खाली. क्रम लावायचा तो असा.

गाठ मऊ असती तर? "ब्रँकियल सिस्ट" हा शब्द तोंडावर येतो, आणि चाळिशीपुढच्या पेशंटमध्ये तो फार महागात पडतो. टॉन्सिल, जिभेचं मूळ किंवा थायरॉइडच्या कॅन्सरची दुय्यम गाठ अगदी सिस्टसारखी, पाण्याने भरलेली असू शकते. सुईतून नुसता द्रव आला आणि रिपोर्टवर कॅन्सरच्या पेशी नाहीत, तरी सुटका होत नाही. सोनोग्राफीखाली गाठीच्या घट्ट भागातून पुन्हा नमुना घ्यावा लागतो.

पुढे काय, या प्रश्नाला "एक्सिजन बायोप्सी" हे उत्तर देऊ नका. मूळ जागा न शोधता मान उघडली तर पुढच्या ऑपरेशनचे थर बिघडतात. आधी सोनोग्राफी आणि एफएनएसी. लिम्फोमाची शंका राहिली तर कोअर बायोप्सी. मग मानेचा सीटी किंवा एमआरआय, छातीचा स्कॅन, आणि त्यानंतर भूल देऊन घशाची तपासणी व टॉन्सिलची बायोप्सी. हा क्रम उलटा केला तर बायोप्सीची सूज स्कॅनवर ट्यूमरसारखी दिसते, आणि ट्यूमर नेमका केवढा हे कुणालाच सांगता येत नाही.